साक्षगंधातले चार शब्द

माझ्या लहानपणी आमच्याकडच्या साक्षगंधात बायका बोलत नसत, गात असत. पुरुष मंडळी सतरंजीवर समोरासमोर बसून याद करायची: कपडे कोणाचे, दागिना कोणता, पंगती किती. मुलाची आई आतल्या खोलीत ओटीच्या ताटाशी. सुपारी फुटली की तिला बाहेर बोलवायचं, तिनं मुलीला कुंकू लावायचं, ओटी भरायची आणि पुन्हा आत जायचं. पाहुण्यांना ‘या, बसा’ म्हणायचा मान मामाचा किंवा शाळेतल्या गुरुजींचा. दोन विहिणी एकमेकींशी काही बोलायच्या त्या गाण्यांतून, आणि त्या गाण्यांत चिमटेच फार.

म्हणूनच माझ्या स्वतःच्या साक्षगंधात सासूबाई बोलल्या ते माझ्या माहेरी कोणी विसरलं नाही. माझं माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ. त्यात डाळ शिजायची नाही, चहाला चव यायची नाही. पाहुणे येणार म्हटलं की आईला जेवणाची नाही, पाण्याची काळजी. त्या दिवशी लांबून आणलेले गोड्या पाण्याचे हंडे सकाळीच संपले आणि उन्हातून आलेल्या पाहुण्यांपुढे आमचंच पाणी गेलं. आई दाराआड उभी होती. सासूबाईंनी गडवा उचलला, पाणी सगळं प्यायल्या, आणखी मागितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “इहीणबाई, तुमच्या पान्यानं जीव थंडा झाला.” एवढंच. पाण्याला गोड म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर ते खोटं आहे हे सगळ्यांनाच कळलं असतं. आई पुढे कितीतरी वर्षं हे वाक्य माझ्या सासूच्या आवाजात म्हणून दाखवायची.

आता साक्षगंध लॉनवर होतं. माईक असतो, सूत्रसंचालन करणारे सर असतात आणि ‘आता मुलाच्या मातोश्री दोन शब्द बोलतील’ अशी हाकही येते. हे फार चांगलं झालं. पण त्या दोन शब्दांची तयारी कोणी करत नाही. परातीतला चिवडा किती लागेल याचा हिशेब महिनाभर आधी होतो, बोलण्याचा आदल्या रात्रीही नाही. मग माईक हातात आला की मुलाचं कौतुक सुरू होतं: त्याचे मार्क, त्याची नोकरी, त्याचा पुण्यातला फ्लॅट. स्वागत पाहुण्यांचं आणि गुणगान आपलं. दुसरी चूक त्याहून बोचरी. ‘आजपासून ही तुमची नाही, आमची मुलगी’, असं प्रेमानंच म्हटलं जातं. तेव्हा मुलीच्या बापाकडे पाहावं, तो मान खाली घालतो. आणि तिसरं, ‘आम्हाला काही नको, नारळ आणि मुलगी द्या.’ हुंडा देणं-घेणं 1961 पासून कायद्यानं गुन्हा आहे. जे घ्यायचंच नाही ते सोडल्याचं माईकवर सांगितलं की पाहुण्यांवर उपकाराचं ओझं चढतं. हे घरात, याद करतानाच बोलून टाकावं.

माझ्या मुलाचं ठरलं अंजनगाव सुर्जीला. साक्षगंध आमच्याकडे, अकोटात. मुलीचे वडील ती शाळेत असतानाच गेले. आईनं पानपिंपरीचा मळा मजुरांबरोबर उभं राहून सांभाळला आणि दोघी लेकींना शिकवलं. आजी, म्हणजे वडिलांची आई, अजून हिंडती-फिरती. आमच्याकडे यादीत ‘मुलीला कुंकू लावणाऱ्या पाच सवाष्णी’ असं लिहिलं गेलं आणि माझं मन तिथंच अडलं. जिनं मुलगी वाढवली तीच त्या पाटाजवळ येणार नाही?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं 4 मे 2022 ला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात शासनानं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन करणारं परिपत्रकही काढलं. आमच्याच भागातल्या सिरसोलीच्या सत्यपाल महाराजांची सप्तखंजिरी ऐकत आमची पिढी मोठी झाली. विचार नवा नव्हता. पण आपल्या मांडवात, आपल्या जावांसमोर तो करायचा कसा, हा प्रश्न परिपत्रकानं सुटत नाही.

मी आधी विहीणबाईंना फोन केला. मांडवात अचानक हाक मारली असती तर टाळ्या मला मिळाल्या असत्या आणि चारशे लोकांसमोर अवघडल्या असत्या त्या. त्या म्हणाल्या, “मले काही वाटत नाही, पन आमच्या बुढीले इचारा.” मग आजींशी बोलले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “तिनंच तं पोसली. तिनं नाही लावायचं तं कोनं लावायचं?” आमच्याकडे थोरल्या जाऊबाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्या नाराज झाल्या, पण आदल्या दिवशी झाल्या, मांडवात नाही.

बोलायचं कधी, हेही ठरवलं. अंगठ्यांनंतर लोक पंगतीकडे वळतात, तेव्हा कोणी ऐकत नाही. म्हणून कुंकवाच्या आधी, मंडळी बसलेली असताना, तीन मिनिटं. कागदावर फक्त नावं आणि गावं लिहिली, कारण घाबरल्यावर माणूस नावंच चुकतो. वाक्यं पाठ केली नाहीत. बोलले ते साधारण असं:

“अंजनगावहून आलेल्या सगळ्या पाहुण्यांना माझा नमस्कार. सगळ्यात आधी आजींना. आजी, या वयात एवढ्या उन्हात तुम्ही आलात, या मांडवात तुमच्यापेक्षा मोठं कोणी नाही. मामा, तुम्ही लोणारहून रात्रीचे निघालात. तुमच्या भाचीनं पहिल्या भेटीत तुमच्याच गोष्टी सांगितल्या. आम्ही कापूस-संत्र्याची माणसं. पानपिंपरी मी बाजारात पाहिली होती, मळ्यात पहिल्यांदा पाहिली ती तुमच्याकडे. वेलीला सावली किती द्यायची, पाणी किती, ते विहीणबाईंनी मला वाफ्यात उभं राहून समजावलं. एवढ्या निगुतीनं वाढवलेली मुलगी आमच्या घरी येते आहे. ती तुमचीच राहील; अंजनगावची वाट तिला कोणाला विचारून धरावी लागणार नाही. आता पहिलं कुंकू विहीणबाई लावतील, मग आजी, मग आम्ही.”

विधवा हा शब्द मी उच्चारला नाही. प्रथा मोडतो आहोत असंही सांगितलं नाही. तसं सांगितलं असतं तर त्या बाईंच्या लेकीच्या साक्षगंधाचं भाषण झालं असतं, आणि त्या सुधारणेचं उदाहरण म्हणून पाटाशी उभ्या राहिल्या असत्या. त्या उठल्या, करंडा माझ्या हातातून घेतला आणि लेकीला कुंकू लावलं. मागे कुजबुज झाली, ती मला ऐकू आली. मग आजी काठी टेकत आल्या. त्यांनी नातीला कुंकू लावलं आणि तेच बोट सुनेच्या कपाळाकडे नेलं. हे आमच्यात ठरलेलं नव्हतं.

हल्ली ओळखीतल्या बायका मुलाचं साक्षगंध ठरलं की ‘ते भाषण लिहून द्या’ म्हणतात. मी लिहून देत नाही, विचारते: त्यांच्याकडे सगळ्यात म्हातारं कोण? लांबून कोण येणार? मुलीला खरं कोणी वाढवलं? त्यांच्या घरी गेलात तेव्हा काय पाहिलंत? शेवटच्या प्रश्नाला बहुतेकींचं उत्तर ‘घर छान आहे’ एवढंच येतं. मग मी त्यांना पुन्हा एकदा जाऊन यायला सांगते, साक्षगंधाच्या आधी, यादीशिवाय. तेल्हाऱ्याची एक बाई अशी जाऊन आली आणि तिला कळलं की मुलीचे वडील ऐकायला कमी येतात. तिनं सूत्रसंचालक सरांना सांगून व्याह्यांची खुर्ची स्पीकरपासून हलवून आपल्या समोर आणवली आणि त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश बोलली.