‘आम्ही’ म्हणणाऱ्या बाईची गोष्ट कशी ऐकायची?

बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ वाचताना एक गोष्ट लगेच जाणवते. आत्मकथन असूनही त्यात ‘मी’ कमी आणि ‘आम्ही’ जास्त आहे. १९८६ साली ते पुस्तक म्हणून आलं. पुढे माया पंडित यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि सोबत बेबीताईंची मुलाखत छापली. त्या मुलाखतीत बेबीताई नवऱ्याच्या संशयाबद्दल, मारहाणीबद्दल आणि लिखाण घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवल्याबद्दल बोलतात. पुस्तकात हे आलेलं नाही.

मग खरं कोणतं, असा प्रश्न अभ्यासवर्गात हमखास येतो. आमच्या मते प्रश्नच चुकीचा आहे. पुस्तकात त्या समाजाशी बोलत होत्या. मुलाखतीत समोर एक बाई बसली होती आणि ती त्यांच्या स्वतःच्या संसाराबद्दल विचारत होती. ऐकणारा बदलला की ‘आम्ही’तून ‘मी’ बाहेर येते. जीवनकथनाचा अभ्यास करायचा तर काय सांगितलं याच्याबरोबर कुणाला, कधी आणि कशासाठी सांगितलं हेही नोंदवावं लागतं.

आम्ही वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांची कथनं गोळा करतो. पद्धत जर्मन समाजशास्त्रज्ञ फ्रिट्झ शुट्झे यांची. सुरुवातीला एकच मोकळा प्रश्न विचारायचा: “आजी, तुमचं आयुष्य सांगा, जिथून वाटेल तिथून.” मग मधे बोलायचं नाही. हे फार अवघड जातं, कारण आपल्याला भाषणाची सवय. बाई थांबली की आपण लगेच पुढचा प्रश्न टाकतो, आणि नेमकं जे ओठावर आलेलं असतं ते परत जातं. “एवढंच बघ, बाई” असं ती स्वतः म्हणाली की मग तिने अर्धवट सोडलेल्या प्रसंगांबद्दल विचारायचं. ‘का’ने सुरू होणारे प्रश्न अगदी शेवटी, कारण ‘का’ विचारलं की माणूस सांगणं सोडून समर्थन करू लागतो.

एका आजीने धम्मस्वीकारानंतरचं सांगितलेलं इथे देतो. तिच्या संमतीने काही तपशील बदलले आहेत.

“आम्ही समदे देव टोपलीत घातले. नदीला नेले. (थांबते) खंडोबाचा टाक मातर सासूनं लुगड्यात बांधला व्हता. म्या बघितलं. कुणाला बोलले न्हाई. (हसते) काय बोलायचं? ती बी आपलीच.”

यावर दोन तऱ्हांनी काम करता येतं. एका संस्थेच्या अहवालात असल्या कथनांना विषयवार चिठ्ठ्या लावलेल्या आम्ही पाहिल्या. पहिली दोन वाक्यं ‘धर्मांतर’ या खान्यात, तिसरं ‘अंधश्रद्धा’ या खान्यात. उरलेलं कुठेच बसत नाही म्हणून गळतं. वर बोलणारीचं नाव होतं ‘पीडित महिला’. म्हणजे दीड तास बोललेल्या बाईच्या वाट्याला शेवटी दोन ओळी आणि एक शिक्का.

दुसरी तऱ्हा म्हणजे तुकडे न करता क्रमाने वाचणं. विल्यम लबॉव्ह आणि जोशुआ वालेत्झ्की यांनी १९६७ साली दाखवलं की घडलेल्या घटनांच्या साखळीशिवाय गोष्टीत सांगणाऱ्याचं मूल्यमापनही असतं: हे मी का सांगते आहे, याची खूण. इथे ती खूण ‘ती बी आपलीच’मध्ये आहे. ‘आम्ही’ टोपली उचलते, पण पाहणारी आणि गप्प राहणारी ‘म्या’ आहे. तो बदल थांबण्यानंतर लगेच येतो, म्हणूनच उतरवून काढताना थांबणं, हसणं आणि बोली तशीच ठेवायची. ‘म्या’चं ‘मी’ केलं तर चालेल असं वाटतं. मग हळूहळू सगळंच शुद्ध होतं.

यातून काय सिद्ध होतं? गावोगावच्या सासवांनी टाक लपवले, असं मुळीच नाही. एका कथनावरून तेवढं बोलता येत नाही. प्रतिज्ञा आणि घर यांचा मेळ या बाईने कसा घातला आणि आज, एवढ्या वर्षांनी, ती तो कसा सांगते, हे कळतं.

आमच्यातल्याच एका कार्यकर्त्याचं म्हणणं पडलं की टाकाची गोष्ट काढून टाका, विरोधक वापरतील. वापरतीलही. पण तेवढं काढलं तर उरते ती मिरवणूक, आणि त्या बाईने निभावलेलं गायब होतं. संस्थेला फक्त दुःख हवं होतं, आपल्याला फक्त विजय हवा. बाईच्या दृष्टीने दोघेही सारखेच.

निर्णय मात्र ना त्याचा, ना आमचा. लिहिलेलं आजीला वाचून दाखवलं. सुरुवातीला घेतलेला अंगठा इथे पुरत नाही, कारण तेव्हा काय सांगणार हे तिलाही माहीत नव्हतं. शिवाय नाव गाळलं तरी गल्लीला सासू कोण ते कळतंच. नातवंडं तिथेच राहतात. आजीने दोनदा ऐकलं. म्हणाली, “भायेर छापा. विहारात नका वाचू.”

विहारातल्या वाचनातून आम्ही तो भाग वगळला आहे.