केसांची टोकं कुठे थांबतात

माझं कपाळ अरुंद, गालाची हाडं वर आलेली आणि हनुवटी निमुळती. चेहरा उभ्या धरलेल्या शंकरपाळीसारखा. पार्लरमध्ये त्याला ‘डायमंड फेस’ म्हणतात. बरीच वर्षं मी मधोमध भांग पाडून, केस चापूनचोपून मागे घेऊन घट्ट वेणी घालत असे. शाळेत शिकवायला जायचं तर तेच सोयीचं. पण अशा वेणीत चेहऱ्याच्या कडेला एकही केस उरत नाही, त्यामुळे चेहऱ्यातली सगळ्यात रुंद जागा, म्हणजे गालाची हाडं, तेवढीच नजरेत भरते. त्यात मधला भांग कपाळ आणखी अरुंद दाखवतो. केस कापायचे ठरवले तेव्हा एवढं मला कळत होतं. कुठे आणि किती कापायचे, ते मात्र कळत नव्हतं.

आधी चेहऱ्याचा आकार खरंच तसा आहे का, हे बघितलं. केस पूर्ण मागे बांधले, आरशासमोर सरळ उभी राहिले आणि एक डोळा मिटून दिसणाऱ्या चेहऱ्याची कड साबणाच्या वडीने आरशावर गिरवली. अशी आकृती खऱ्या चेहऱ्याच्या निम्मी येते, पण आकार बरोबर कळतो. मग शिवणकामाची टेप घेऊन मापं घेतली: केसांच्या रेषेजवळ कपाळ ११ सेंटीमीटर, गालाच्या हाडांवर साडेतेरा, जबडा साडेदहा. मधलं माप सगळ्यात मोठं आणि वरचं-खालचं जवळजवळ सारखं, म्हणजे शंका उरली नाही. मोबाइलच्या सेल्फीवरून हा अंदाज घेऊ नये. फोन जवळ धरला की नाक मोठं दिसतं आणि चेहऱ्याच्या कडा मागे जातात, त्यामुळे गाल आहेत त्यापेक्षा अरुंद भासतात. फोटो हवाच असेल तर दुसऱ्या कुणाला तरी चार-पाच फुटांवरून काढायला सांगावं.

घरात सल्ले सुरू झाले. आत्या म्हणाली, “साधना कट कर, तुला शोभेल.” १९६० साली आलेल्या ‘लव्ह इन सिमला’मध्ये साधनाच्या कपाळावर आलेली ती झुलपं आत्याच्या पिढीला पाठ आहेत. पण साधनाचं कपाळ रुंद होतं आणि ते झाकायला ती झुलपं होती. माझी अडचण उलटी. कपाळ झाकायचं नव्हतं, त्याच्या दोन्ही बाजूंना, कानशिलांपाशी, थोडी रुंदी हवी होती. अरुंद कपाळावर जाड, सरळ झुलपं आणली तर कपाळ जवळपास नाहीसं होतं आणि खाली गालाची हाडंच उरतात.

पार्लरच्या ताईंनी कात्री हातात घ्यायच्या आधी मला एक गोष्ट दाखवली. माझे मोकळे केस त्यांनी आतून दुमडून पिनांनी अडकवले, आधी गालाच्या हाडापर्यंत, मग हनुवटीपर्यंत. “बघा ताई, टोकं जिथे संपतात तिथे केस पसरतात आणि डोळाही तिथेच थांबतो,” त्या म्हणाल्या. गालाच्या हाडाशी टोकं आली तेव्हा माझा चेहरा एकदम रुंद दिसला. तीच टोकं हनुवटीशी आल्यावर निमुळत्या जबड्याच्या दोन्ही बाजू भरल्या आणि गाल नरम वाटले. केस तेच होते, फरक सात-आठ सेंटीमीटरांचा. त्या दुमडण्याने माझा निर्णय सोपा केला: टोकं कपाळाच्या कडेला असावीत किंवा जबड्याशी, मधल्या पट्ट्यात एकही नको.

हनुवटीपर्यंतचा बॉब या चेहऱ्याला सगळ्यात चांगला, हे त्यांनी सरळ सांगितलं. पण तो रबरात बांधता येत नाही, आणि मला फळ्यापुढे केस बांधावे लागतात. म्हणून लांबी खांद्याला टेकेल एवढी ठेवली. खांद्यावर आपटून टोकं आपोआप थोडी बाहेर वळतात, ते खालच्या रुंदीला मदतच करतं. चेहऱ्याजवळच्या लेयर्स जबड्यापाशी सुरू केल्या, त्याच्या वर नाही.

पुढच्या केसांसाठी त्यांनी पडद्यासारखी दोन्हीकडे उघडणारी फ्रिंज सुचवली. टाळूच्या पुढच्या उतारावरून त्यांनी केसांचा एक त्रिकोण वेगळा काढला. त्याची टोकं भुवयांच्या शेपटांवर येत होती. मधले केस नाकाच्या मुळापर्यंत आखूड आणि बाहेरचे तिरके लांब होत गेलेले. नेहमीच्या फ्रिंजमध्ये ही बाहेरची टोकं गालाच्या हाडावर थांबतात. माझी त्यांनी मुद्दाम त्याखाली, जबड्याकडे नेली, म्हणजे हाडावरून केस नुसते वाहत जातात. भांग मधून हलवून डाव्या भुवईच्या कमानीवर आणला. त्यामुळे कपाळाचे दोन सारखे अरुंद तुकडे होत नाहीत, एक बाजू मोठी दिसते.

माझे केस लाटदार आहेत. ओले असताना ते ताणले जातात आणि वाळले की वर चढतात; माझ्या केसांत हा फरक दोन-तीन सेंटीमीटरचा पडतो. म्हणून ताईंनी फ्रिंज कोरड्या केसांवर कापली, आणि तीही हवी त्यापेक्षा लांब ठेवून, पुन्हा थोडी थोडी कमी करत. ओल्या केसांवर नेमकी कापली असती तर बाहेरची टोकं वर चढून हाडाजवळ आली असती. कपाळाच्या कडेला भोवरा आहे का, हेही त्यांनी आधीच तपासलं; भोवरा असला की फ्रिंज आपल्या मर्जीने फाकते.

ठाण्याच्या पावसाळ्यात फ्रिंजचं काही खरं नसतं. घामाने ती कपाळाला चिकटते, तेल लावलं तर एका दिवसात तिच्या बटा होतात. मी तेल आता मागच्या केसांनाच लावते आणि सकाळी फक्त फ्रिंज धुते. न्हाल्यावर ती सगळ्यात आधी वाळवायची, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे ओढत, म्हणजे मुळं दोन्हीकडे वळतात. आधी बाकीचे केस वाळवत बसलं तर फ्रिंज आपली आपण वाळून वाकडी बसते.

लग्नाकार्यात अंबाडा घालते तेव्हा टाळूवर केस फुगवत नाही, कारण वरची उंची वाढली की चेहरा अधिक लांब आणि टोकदार दिसतो. अंबाडा मानेलगत सैल बांधते, आणि गजरा असा माळते की समोरूनही कानाखाली फुलं दिसावीत. जबड्याच्या बाजूची रिकामी जागा फुलं भरून काढतात. कानापुढे दोन बटा सोडायच्या त्या जबड्याच्या खालपर्यंत लांब असाव्यात. गालावर संपणाऱ्या आखूड बटा नकोत.

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. त्यामुळे फ्रिंज वाढवून टाकायची ठरवली की मधले आखूड केस नाकाच्या मुळापासून खाली येता येता नेमके गालाच्या हाडावर पोचतात आणि दोन-तीन महिने तिथेच रेंगाळतात. या काळात अनेकजणी वैतागून ती पुन्हा कापतात आणि तेच चक्र सुरू होतं. त्यापेक्षा तेवढे दिवस ते केस पिळून कानशिलावर पिनेने अडकवावेत. तिथे फुगवटा येतो तो कपाळाच्या रुंदीच्या कामी येतो, आणि केस जबड्याशी पोचले की पिन काढता येते.