एकच चाँद, दोन हिशेब

राळेगावात आमच्या ओळखीचे एक चाचा आहेत. त्यांचे बिछायतीचे दुकान आहे. मांडवाचे बांबू, कनाती, लायटिंगच्या माळा, जनरेटर हे सारे ते भाड्याने देतात. मशिदीची गल्ली असो की गणपतीचा मांडव, सामान त्यांचेच लागते. ही गोष्ट 2023 सालच्या त्यांच्या घोटाळ्याची आहे.

घोटाळ्याचे बीज आदल्या वर्षी पडले. 2022 मध्ये अनंत चतुर्दशी 9 सप्टेंबरला होती आणि ईद-ए-मिलाद 9 ऑक्टोबरला. विसर्जन झाल्यावर सामान परत करतानाच मंडळाच्या पोरांनी पुढच्या वर्षाचा ॲडव्हान्स दिला. महिन्याभराने मशिदीच्या मंडळींनीही दिला. नव्या वर्षाचे कॅलेंडर अजून भिंतीवर लागायचे होते. चाचांनी आयुष्यभराचा ठोकताळा वापरला: सण दरवर्षी अकरा दिवस अलीकडे सरकतो. डायरीत लिहिले, विसर्जन 29 ऑगस्ट, मिलाद 28 सप्टेंबर. मध्ये पुरता महिना मोकळा. एकाच ऐंशी माळा दोघांना देऊन चाचा निश्चिंत झाले.

पुढच्या ऑगस्टच्या सुरुवातीला ते स्वतःच मंडळाच्या पोरांना विचारायला गेले, "गणपती पंधरा दिवसांवर आले, मांडव केव्हा टाकायचा?" पोरे हसायला लागली. "चाचा, अजून तं धोंडा चालू हाय! गणपती एकोणीस सप्टेंबरले हाय."

चाचा डायरी घेऊन तडक आमच्याकडे शाळेत आले. उर्दू शाळेतल्या मास्तरला चाँदचा हिशेब येतो, एवढा त्यांचा विश्वास. आम्ही फळ्यावर मांडून दाखवले. चांद्र वर्षाचे दिवस साधारण 354. म्हणून हिजरी तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे येते आणि येतच राहते. रमजान कधी उन्हाळ्यात, कधी थंडीत पडतो तो यामुळेच. पंचांगातले महिनेही चंद्राचेच आहेत, पण तिथे सण ऋतू सोडत नाहीत. साधारण तीन वर्षांनी एक अधिक महिना घालून मागे पडलेले दिवस भरून काढतात. 2023 मध्ये 18 जुलै ते 16 ऑगस्ट अधिक श्रावण होता. त्यामुळे चतुर्दशी अकरा दिवस मागे येण्याऐवजी एकोणीस दिवस पुढे गेली आणि 28 सप्टेंबरला आली. चाचांचा ठोकताळा मिलादला तंतोतंत लागू पडला होता, फसला तो फक्त गणपतीला.

"म्हणजे एकच दिवस?" चाचांनी विचारले. दिवस एक, पण अडचण बारा दिवसांची होती. रबीउल अव्वलचा चाँद दिसला की गल्लीत रोषणाई लागते, ती 17 सप्टेंबरपासून. गणपती 19 ला बसणार. माळा दोन्हीकडे एकाच वेळी हव्या होत्या.

पैशाचा प्रश्न लहान होता. चाचांना खरी धास्ती वेगळीच होती. मंडळाला नाही म्हटले तर लोक म्हणतील, आपल्या माणसांना दिले. मशिदीला नाही म्हटले तर जमात म्हणेल, आपल्यांना विसरला. तीस वर्षे दोन्हीकडे कमावलेला शब्द एका बेरजेवर अडकला होता.

त्यांनी एक शहाणपण केले. वेळ असतानाच दोन्हीकडे जाऊन चूक सांगितली आणि ॲडव्हान्स पुढे ठेवला. कुणीच परत घेतला नाही. मंडळाने प्रवेशाची कमान सोडली. मशिदीच्या मंडळींनी पूर्ण गल्लीऐवजी सुरुवातीला फक्त दरवाजा सजवायचे मान्य केले. उरलेल्या माळा चाचांनी यवतमाळहून दुप्पट भाड्याने आणल्या. त्या हंगामात नफा काही उरला नाही.

टेम्पो आणि जनरेटर मात्र एकेकच होते. ती गाठ बाहेरच्या निर्णयाने सुटली. मुंबईसह राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिमांनी जुलूस 29 सप्टेंबरला काढायचे ठरवले आणि सरकारनेही त्या दिवशी सुट्टी जाहीर केली. आमच्याकडेही तसेच झाले. रात्री विसर्जनाहून आलेला जनरेटर सकाळी जुलूसमध्ये गेला.

एकदा जुळलेले हे दोन सण लगेच सुटत नाहीत. 2024 मध्ये मिलाद 16 सप्टेंबरला आणि चतुर्दशी 17 ला होती. 2025 मध्ये 5 आणि 6 सप्टेंबरला. चंद्र एकच असल्याने दोघे बरोबरच मागे सरकतात. त्यांची ताटातूट करतो तो धोंडा. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने मिलाद ऑगस्टच्या अखेरीस आणि चतुर्दशी 25 सप्टेंबरला, पुन्हा महिन्याचे अंतर.

चाचांच्या डायरीत आता प्रत्येक बुकिंगपुढे तीन रकाने असतात: तिथी, चाँद आणि तारीख. पहिले दोन ते लगेच भरतात. तारखेचा रकाना नवे कॅलेंडर भिंतीवर लागेपर्यंत कोरा ठेवतात, आणि मिलादची तारीख तर चाँद दिसेपर्यंत पेन्सिलीनेच लिहितात.