तासाला २५ मिली

ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी सुरू झाली की नांदेडच्या आयसीयूत घोणस चावलेले रुग्ण येऊ लागतात. ही बाई कंधार तालुक्यातली, चाळिशीची, वजन ५० किलो. कापून ठेवलेला ढीग उचलताना पायाला चावा बसला. आमच्याकडे आली तेव्हा काचेच्या कोरड्या नळीत ठेवलेलं तिचं रक्त २० मिनिटांनंतरही पाण्यासारखं हलत होतं. प्रतिविषाच्या १० वायल दिल्या, सहा तासांनी आणखी १०, आणि पहाटे रक्त गोठायला लागलं. सगळ्यांना हायसं वाटलं. मला मात्र खाटेला लटकवलेल्या युरोमीटरकडे बघून तसं वाटेना. त्यात कोऱ्या चहासारखी लघवी होती आणि सिस्टरने चार्टवर तासातासाला लिहिलेले आकडे होते: ३८, २६, १८, १२.

दर किलो वजनामागे तासाला अर्धा मिलीलिटर, ही आमची रेघ. ५० किलोच्या माणसाला तासाला २५ मिली. सलग सहा तास लघवी याच्या खाली राहिली, तर क्रिएटिनिन अजून ठीक दिसत असलं तरी मूत्रपिंडाला इजा झाली असं धरायचं. बारा तास राहिली तर इजा पुढच्या पायरीवर गेली. एखाद्या तासाचा आकडा खाली आला म्हणून धावायचं नसतं, आणि सहा तास कुणी बघितलंच नाही असंही व्हायला नको. शिवाय या रेघेतून इजा झाल्याचं कळतं, कशामुळे झाली ते कळत नाही.

म्हणून पहिलं काम अगदी साधं. घोणशीच्या रुग्णाला लघवीतून रक्त जातं आणि त्याच्या गाठी कॅथेटरमध्ये अडकतात. सिस्टरने ५० मिली सलाईन सिरिंजने आत सोडून परत ओढलं, तर काळपट लाल तुकडे आले. मी ओटीपोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला. मूत्राशय रिकामं होतं. नळी थोडी तुंबली होती, पण लघवी मुळात तयारच कमी होत होती.

बाहेर तिचा मुलगा उभा होता. तो म्हणाला, “साहेब, कालपासून मायला पाण्याचा घोटसुद्धा दिला नाही तुम्ही. मग लघवी कुठून व्हावी?” त्याचं बोलणं मला लागलं, कारण शिकाऊ असताना मीही असाच विचार करायचो. एका रुग्णालयात न्यूमोनियाच्या एका म्हाताऱ्या बाबांची लघवी कमी झाली म्हणून मी रात्रभर सलाईनवर सलाईन चढवलं. लघवी वाढली नाही. सकाळी बाबांच्या तोंडाला फेस आला आणि त्यांना व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं. ती रात्र मी विसरलेलो नाही.

आता मी आधी विचारतो, की पाणी दिलं तर हृदय ते पुढे ढकलेल का? त्यासाठी एक थेंबही द्यावा लागत नाही. डोक्याकडची बाजू खाली करून खाटेनेच दोन्ही पाय ४५ अंश वर उचलले की पायांतलं रक्त छातीकडे येतं. मिनिटभरात हृदयावर प्रोब ठेवून दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त मोजायचं. बाईंचं ते १४ टक्क्यांनी वाढलं, म्हणजे जागा होती. रिंगर लॅक्टेट २५० मिली, १५ मिनिटांत, आणि मी खाटेपाशीच उभा. रक्तदाब सुधारला. पुढच्या तासाला लघवी २० मिली झाली. दोन तासांनी ती पुन्हा १० वर आली. पुन्हा पाय उचलले, तर वाढ जेमतेम ४ टक्के. फुफ्फुसांच्या तळाशी ओल दिसू लागली होती. मी सलाईन थांबवलं.

मुलाला मी सांगितलं, की पाट फुटला असेल तर विहिरीवरची मोटार कितीही चालवा, पाणी वाफ्यात जात नाही, वाटेतच मुरतं. विषाने बारीक रक्तवाहिन्यांचे पाट फुटले आहेत. दिलेलं पाणी पायाच्या सुजेत आणि फुफ्फुसात मुरतंय. तो शेतकऱ्याचा मुलगा, त्याला एकदम पटलं. तोवर तिच्या अंगात चार लिटर जादा जमले होते, ५० किलोच्या देहात ८ टक्के.

दुसऱ्या दिवशी फ्युरोसेमाइड दिलं, किलोला एक मिलीग्रॅम, म्हणजे ५० मिलीग्रॅम. हे औषध मूत्रपिंड बरं करत नाही, त्याच्यात किती जीव उरलाय ते सांगतं. अंगात पाणी पुरेसं आहे अशी खात्री झाल्यावरच ते द्यायचं. दोन तासांत २०० मिलीच्या वर लघवी झाली तर आशा, खाली राहिली तर इजा वाढण्याची शक्यता मोठी. तिला ६० मिली झाली.

मग लगेच डायलिसिसचं मशीन का लावलं नाही? माझ्या ज्युनियरनेही हेच विचारलं. बरीच वर्षं आम्हाला वाटायचं की लवकर लावलेलं बरं. २०१६ साली फ्रान्समधल्या अकिकी अभ्यासात ज्यांच्यासाठी थांबून पाहिलं, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना डायलिसिस लागलंच नाही. २०२० साली सुमारे तीन हजार रुग्णांच्या स्टार्ट-एकेआय अभ्यासात लवकर सुरू करून मृत्यू कमी झाले नाहीत. उलट वाचलेल्यांपैकी जास्त जण ९० दिवसांनंतरही डायलिसिसवर राहिले. मानेत जाड कॅथेटर घालणं, रक्तदाब पडणं, जंतुसंसर्ग या सगळ्याचं मोल मूत्रपिंडच चुकवतं. पण थांबण्यालाही हद्द आहे. लघवी अगदी कमी होऊन तीन दिवस उलटले किंवा युरिया २४० च्या वर गेला, की त्यापुढे वाट पाहण्यात फायदा नाही, झाला तर तोटाच. आणि पोटॅशियम, आम्ल किंवा फुफ्फुसातलं पाणी औषधांना दाद देत नसेल, तर तासभरही थांबायचं नाही.

आम्ही दर चार तासांनी रक्तवायू तपासत राहिलो. पोटॅशियम ५.४, मग ५.९. चाळिसाव्या तासाला ६.६ झालं, ईसीजीवर टी लहरी तंबूसारख्या उभ्या राहिल्या, पीएच ७.१२ वर आला, ऑक्सिजन वाढवावा लागला. नॉरॲड्रेनालिन चढत्या मात्रेत चालू होतं. कॅल्शियम आणि इन्सुलिन देऊन थोडा वेळ मिळवला आणि सीआरआरटी जोडलं.

साध्या चार तासांच्या डायलिसिसला १२० लिटरच्या आसपास शुद्ध केलेलं पाणी लागतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मी लातूरला होतो, मिरजेहून रेल्वेने पाणी यायचं ते दिवस. डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या टाकीत काठी बुडवून पातळी बघितल्याशिवाय सकाळचा पहिला रुग्ण आत घेत नसत. सीआरआरटीला नळाचं पाणी लागतच नाही, पिशव्यांतला निर्जंतुक द्रव लागतो. किलोला तासाला २५ मिलीच्या हिशेबाने तिला तासाला १२५० मिली, दिवसाला ३० लिटर. पण ते संथ असतं, आणि रक्तदाब धरून ठेवायला तेच हवं होतं. जिथे हे यंत्र नाही किंवा त्याचा खर्च झेपत नाही, तिथे साध्या मशीनवरच सहा-आठ तासांचं संथ डायलिसिस करतात. आमच्या भागात बहुतेक रुग्ण त्यावरच तरतात, आणि त्याला मी दुय्यम मानत नाही.

तिच्या प्लेटलेट ४५ हजार, म्हणून हेपरिन दिलं नाही. पहिला फिल्टर १४ तासांत गोठला. दाबाचा आकडा चढायला लागला तेव्हाच सिस्टरने ओळखलं आणि फिल्टर पुरता बंद पडण्याआधी रक्त परत केलं. दुसरा फिल्टर दोन दिवस टिकला. अंगातलं पाणी तासाला ५० मिली काढायला सुरुवात केली, रक्तदाब सांभाळत ८० पर्यंत नेलं. तिसऱ्या दिवशी नॉरॲड्रेनालिन सुटलं, मग दिवसाआड साधं डायलिसिस.

अकराव्या दिवशी सकाळच्या राउंडला जाण्याआधीच सिस्टरने मला हाक मारली. युरोमीटर खिडकीच्या उजेडात धरून ती म्हणाली, “सर, रंग बघा.” रात्रीतून ३१० मिली होती, फिकट पिवळी. मी डायलिसिसची त्या दिवसाची वेळ रद्द करायला फोन लावला.