आयरिसच्या हीटमॅपमधला खोटा निळा

सहसंबंधाच्या हीटमॅपमध्ये प्रत्येक घर दोन मापांमधला सहसंबंध गुणांक दाखवते. हा गुणांक −१ ते +१ या मर्यादेत असतो. शून्याचा अर्थ एवढाच, की दोहोंत सरळ रेषेतले नाते नाही. दुसऱ्या आकाराचे नाते असूही शकते. कर्णावरच्या घरांत प्रत्येक माप स्वतःशीच ताडलेले असते, त्यामुळे तिथे कायम १ येतो आणि त्यातून नवे काहीच कळत नाही. कर्णाच्या दोन्ही बाजू एकमेकींचे प्रतिबिंब असतात, म्हणून एकच बाजू वाचली तरी पुरते.

रंगपट्टीने घातलेला घोळ पाहायला आयरिस फुलांची माहिती उत्तम. ही मापे एडगर अँडरसन यांनी गोळा केली आणि रोनाल्ड फिशर यांनी १९३६ मध्ये आपल्या लेखात वापरली. त्यात तीन जातींची प्रत्येकी ५०, म्हणजे एकूण १५० फुले आहेत आणि प्रत्येक फुलाची चार मापे आहेत: बाह्यदलाची लांबी-रुंदी आणि पाकळीची लांबी-रुंदी. चार मापांच्या जोड्या सहाच होतात, त्यामुळे प्रत्येक घर आकड्याशी पडताळून पाहता येते. प्रस्तुत लेखकाला रंगपट्टीवरचा अविश्वास याच छोट्या तक्त्याने शिकवला.

पायथनच्या सीबॉर्नमध्ये हा तक्ता एका ओळीत निघतो. `r` म्हणजे गुणांकांचा तक्ता:

```python
sns.heatmap(r, cmap="coolwarm")
```

या रंगसंगतीत एक टोक निळे, दुसरे लाल आणि मध्य फिकट राखाडी असतो. पाहणारा निळ्याला ऋण, लालला धन आणि फिकटाला शून्य मानतो, आणि त्यात त्याची चूकही नाही. पण मर्यादा सांगितल्या नाहीत तर सीबॉर्न त्या माहितीतूनच उचलते. इथे सर्वांत लहान गुणांक −०.४३ आहे, तो बाह्यदलाची रुंदी आणि पाकळीची लांबी यांचा. सर्वांत मोठा १, तोही कर्णावरचा. पट्टीचा मध्य मग ०.२९च्या आसपास पडतो आणि शून्य निळ्या भागात सरकते. बाह्यदलाची लांबी आणि रुंदी यांचा गुणांक अवघा −०.१२ असूनही ते घर ठळक निळे दिसते, आणि −०.४३ला तर निळ्याचे टोकच मिळते. त्याचा वर्ग जेमतेम ०.१८ भरतो, एवढ्या नात्याला एवढा गडद रंग शोभत नाही. उपाय सोपा आहे:

```python
sns.heatmap(r, cmap="coolwarm", vmin=-1, vmax=1)
```

आता −०.१२ जवळजवळ राखाडी होते, −०.४३ मध्यम निळे, आणि पाकळीच्या लांबी-रुंदीचे ०.९६ गडद लाल. नुसते `center=0` दिले तर शून्य जागेवर येते, पण टोके माहितीवरच अवलंबून राहतात. कर्ण झाकलेला असेल आणि सगळे गुणांक ±०.१च्या आत असतील, तर त्यांतला मोठाही गडद रंगतो. निव्वळ योगायोगाला असा भडक रंग सहज मिळतो. नमुना ३० नोंदींचा असेल, तर एकमेकांशी काही संबंध नसलेल्या दोन मापांतही योगायोगाने ०.३६च्या पलीकडचा गुणांक, धन किंवा ऋण, सुमारे ५ टक्के वेळा येतो. दहा मापांच्या ४५ जोड्यांत अशी दोनेक घरे निघाली तर त्यात आश्चर्य नाही. नमुना किती मोठा होता, हे रंगावरून कळत नाही.

इंद्रधनुषी पट्टीचा दोष वेगळा आहे. तिच्यातला पिवळा पट्टा आजूबाजूच्या रंगांपेक्षा उजळ असल्याने आकड्यांत नसलेली सीमारेषा डोळ्यांना दिसते. लाल-हिरवी जोडीही टाळावी, कारण वर्णांधत्वाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात नेमके हेच दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत.

रंगपट्टी दुरुस्त केल्यावरही बाह्यदलाचे ते राखाडी घर फसवतेच, कारण तीन जाती एकत्र मिसळलेल्या आहेत. जाती वेगळ्या केल्या की त्याच जोडीचा गुणांक सेटोसात ०.७४, व्हर्सिकलरमध्ये ०.५३ आणि व्हर्जिनिकात ०.४६ येतो. एकत्र तक्त्यातल्या किंचित ऋण नात्याच्या जागी तिन्हीकडे स्पष्ट धन नाते दिसते. उलट पाकळीच्या लांबी-रुंदीचे ०.९६ सेटोसात ०.३३वर उतरते, जातींच्या आकारांतला फरकच त्या लालीत मिसळला होता.

हे पाहायला प्रत्येक जातीचा हीटमॅप वेगळा काढावा लागतो आणि तिथे मोकळी सोडलेली पट्टी सर्वाधिक घात करते. सेटोसाचे सहाही गुणांक धन आहेत. सर्वांत लहान ०.१८. पट्टी ०.१८ ते १ अशी बसली की मध्य ०.५९ वर जातो आणि सहापैकी पाच जोड्या निळ्या होतात. वाचणारा त्या ऋण समजतो, प्रत्यक्षात एकही नसते. म्हणून तिन्ही जातींच्या तक्त्यांना आणि एकत्र तक्त्यालाही −१ ते +१ हीच पट्टी लावावी आणि घरांत `annot=True` देऊन आकडे छापावेत. चार मापांच्या तक्त्यात ते सहज मावतात. चाळीस मापांच्या तक्त्यात आकडे वाचता येत नाहीत. तिथे संशयास्पद घरांच्या जोड्या निवडून त्यांचे विखुरचित्र काढणेच बरे.