मोहन्याचा सिमेंट कारखाना : हरकत पावसाच्या पाण्याची

लालबागच्या आमच्या चाळीतली निम्मी बिऱ्हाडं आता कल्याण-आंबिवलीकडे आहेत. त्यामुळे मोहन्याला एनआरसीच्या जागेवर सिमेंटचा कारखाना येतोय हे मला पेपरच्या आधी मावसभावाकडून कळलं. एनआरसी 2009 मध्ये बंद पडली. गिरणगावात वाढलेल्या माणसाला बंद कारखान्याची जमीन म्हटलं की काय वाटतं, ते सांगायला नको.

प्रकल्प अंबुजा सिमेंटचा, वर्षाला 60 लाख टनांचा. इथे क्लिंकर भाजणार नाहीत, फक्त दळणार. म्हणजे भट्टी नाही, पाणीही तुलनेने कमी लागेल. हे खरं आहे आणि कंपनीची बाजू म्हणून ते मान्य करायला हवं. पण माझी हरकत कारखाना किती पाणी पिणार याला नाहीच. पाऊस पडल्यावर तिथलं पाणी कुठे जाणार, याला आहे.

दळणाच्या कारखान्यात क्लिंकर, जिप्सम आणि औष्णिक वीज केंद्रातली राख येते. सांडलेली राख आणि धूळ पावसात वाहिली की नाल्यात, तिथून उल्हास नदीत. आणि मोहन्यालाच कल्याण-डोंबिवली महापालिका नदीतून पिण्याचं पाणी उचलते. पर्यावरण अहवालासाठी पाण्याचे नमुने साधारणपणे एकाच हंगामात घेतात, तोही पावसाळा सोडून. म्हणजे धोका ज्या चार महिन्यांत, त्याचीच मोजणी नाही! उल्हास काय करू शकते ते 26 जुलै 2005 ला पाहिलं, आणि 2019 च्या जुलैत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली तेव्हाही.

आता जनसुनावणी. ती 16 सप्टेंबर 2025 ला झाली, दहा गावांचा विरोध होता. नियमाने सारांश मराठीत मिळतो, पण पाण्याचे तक्ते आणि नाल्यांचे नकाशे सहसा मूळ इंग्रजी अहवालात असतात. सामान्य माणूस मग "कारखाना नको" एवढंच बोलतो. पण सुनावणी हे मतदान नव्हे, तिथे हात मोजत नाहीत. "नको" इतिवृत्तात एका ओळीत संपतं. "राखेच्या साठ्याभोवतीचं पावसाचं पाणी कुठल्या टाकीत साठवणार, टाकी किती लिटरची, ती भरून वाहिली तर कुठे?" असं लेखी विचारलं की कंपनीला अंतिम अहवालात उत्तर द्यावं लागतं. उत्तर नसेल तर मंजुरीविरुद्ध 30 दिवसांत हरित लवादाकडे जाताना तोच कागद कामी येतो.

त्यात आणखी एक. सुनावणीनंतर दहाच दिवसांत, 26 सप्टेंबरला, केंद्राने अधिसूचनेचा मसुदा काढला : स्वतःचं वीज केंद्र नसलेल्या अशा दळण-कारखान्यांना पूर्वमंजुरीच नको. तसं झालं तर पुढच्या गावाला सुनावणीच मिळणार नाही, मग तिच्यातल्या त्रुटी कुठे दाखवायच्या?

माझी हरकत मराठीत, दीड पानाची आहे. मसुदा हवा असेल त्यांनी खाली कळवा. कल्याणवाल्यांनी आपापल्या भागातल्या नाल्याचं नाव घालून पाठवा.