तुटक वाक्यं आणि लेहचे सहा दिवस

आमच्या युनिटमधल्या एका हवालदाराने गावच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहिला आणि मला वाचायला दिला. विषय चांगला होता: लेहला पोचल्यावर जवानाला सहा दिवस पुढे का जाऊ देत नाहीत. त्यातला मधला परिच्छेद असा होता.

‘लेहला विमानातून उतरलो. उंची साडेअकरा हजार फूट आहे. हवा विरळ आहे. पहिले दोन दिवस पूर्ण आराम असतो. एकूण सहा दिवस थांबायचे असते. नवीन जवानांना हे आवडत नाही. हा नियम महत्त्वाचा आहे.’

यात खोटं काहीच नाही. तरी वाचून वाटतं की बोर्डावरची सूचना वाचली. आपल्याला वायरलेसवर बोलायची सवय असते, एका दमात एकच गोष्ट आणि मग ‘ओव्हर’. तिथे ते बरोबरच, कारण ‘का’ विचारायला ऐकणाऱ्याला वेळ नसतो. लेख वाचणारा मात्र नेमका ‘का’ हेच विचारायला बसलेला असतो. शिवाय मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे छोटी वाक्यं ओळीने आली की प्रत्येकाच्या शेपटीला ‘आहे, आहे, असते, नाही’ वाजत राहतं, परेडला कदमताल चालावा तसं. पाय हलतात, माणूस जागेवरच.

मी त्याला म्हटलं, ‘वाक्यं जोडायची घाई करू नकोस. आधी प्रत्येक पूर्णविरामाच्या जागी कारण, म्हणून, पण, तरी यातला कुठला शब्द बसतो ते बघ.’ ‘हवा विरळ आहे’ आणि ‘आराम असतो’ यांच्यामध्ये ‘म्हणून’ सहज बसला. ‘जवानांना आवडत नाही’ आणि ‘नियम महत्त्वाचा आहे’ यांच्यामध्ये तो अडला. ‘पण’ घालून पाहिला. वाक्य झालं, मुद्दा झाला नाही.

‘आवडत का नाही रे?’ मी विचारलं.

‘साहेब, पहिल्या दिवशी काहीच होत नाही ना. पोरगा म्हणतो, मी तर ठणठणीत आहे, मला कशाला झोपवून ठेवता?’

सगळा लेख या उत्तरात होता आणि कागदावर ते कुठेच नव्हतं. पूर्णविरामाने ते झाकून टाकलं होतं. तुटक लिहिण्यात हाच धोका: दोन वाक्यांमधला दुवा आपल्या डोक्यात असतो, म्हणून कागदावर नाही हे लक्षातच येत नाही. मग आम्ही बसून परिच्छेद असा केला.

‘चंदीगडहून विमान साधारण तासाभरात लेहला आणतं, म्हणजे शरीराला काही कळायच्या आत माणूस साडेअकरा हजार फुटांवर उभा असतो. डोकेदुखी, मळमळ बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होते, आणि फुप्फुसात पाणी भरण्याचा धोका तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असतो. त्यामुळे उतरल्या उतरल्या ‘मी ठणठणीत आहे’ म्हणणारा जवान खरं बोलत असला, तरी त्या बोलण्यावर त्याला पुढे पाठवता येत नाही. म्हणून सहा दिवस.’

शेवटचं वाक्य मुद्दाम तीनच शब्दांचं ठेवलं. आधीची तीन लांब वाक्यं नसती तर त्याला वजन आलं नसतं. सात छोट्या वाक्यांत ते आठवं म्हणून हरवलं असतं.

हवालदार खूश झाला आणि पुढचं पान रात्रीत लिहून आणलं. आता दुसऱ्या टोकाला: ‘सकाळी उठून चहा घेऊन एमआय रूमला जाऊन बीपी तपासून परत येऊन...’ असं सहा ओळी. ‘ऊन’ लावला की वाक्य लांब होतं खरं, पण तो फक्त आधी काय, नंतर काय एवढंच सांगतो; कशामुळे काय, ते सांगत नाही. मी ते त्याला मोठ्याने वाचायला लावलं. तिसऱ्या ओळीला त्याचा दम संपला, आणि गंमत म्हणजे जिथे संपला तिथेच विचारही बदलत होता. तिथे पूर्णविराम दिला. बीपी का तपासतात याला स्वतंत्र वाक्य दिलं, चहा काढून टाकला.

त्याच्या लेखात एक जागा मी तशीच राहू दिली. बरोबरच्या एका जवानाला तिसऱ्या रात्री खोकला वाढला आणि त्याला खाली न्यावं लागलं, ते त्याने असं लिहिलं होतं: ‘श्वास लागला. ओठ निळे पडले. डॉक्टर आले. ऑक्सिजन लावला. पहाटे विमानात चढवला.’ तिथे पटवायचं काही नव्हतं. त्या रात्री घडलंही तसंच, एकामागून एक, आणि मध्ये ‘कारण’ म्हणायला कोणाला उसंत नव्हती.